जोडधंदा सुरू करण्याआधी नेमणूकपत्र कसं वाचायचं: खानदेशातल्या खासगी नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव एमआयडीसीत मी बरीच वर्षं एचआरचं काम केलं. पाइप, ठिबक, डाळ मिल अशा कारखान्यांतली माणसं कामाव्यतिरिक्त काय करतात हे मला जवळून बघायला मिळालं. कुणाची घरची केळी असते, कुणाचं बायकोच्या नावावर पिठाच्या गिरणीचं दुकान, तर कुणी रविवारी विम्याची कामं करतं. यातलं बरंचसं चालण्यासारखं असतं, पण काही कामांनी नोकरी जाते. खाली कृषी पदवी असलेल्या मुलांचे प्रश्न जास्त आहेत, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

कृषी सेवा केंद्राच्या लायसनवर माझं नाव लावू का? भाऊबंदच आहेत, आणि वर्षाला थोडे पैसेही मिळतील.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून याचं उत्तर सविस्तर देतो.

कीटकनाशक विकायचं तर दुकानात पात्र माणूस लागतो. कीटकनाशक नियम १९७१ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून विक्रेत्याकडे कृषी किंवा ठरावीक विज्ञान शाखांची पदवी अथवा पदविका असावी लागते, नाहीतर तशी पदवी असलेला माणूस नोकरीला ठेवावा लागतो. खतांच्या विक्रीसाठीही खत नियंत्रण आदेश १९८५ खाली पात्रतेची अट आली आहे. दुकान काढणारा दहावी-बारावी झालेला असला की तो नात्यात बी.एस्सी. ॲग्री शोधतो. पदवीची झेरॉक्स, आधार, दोन फोटो आणि एका संमतिपत्रावर सही, एवढ्यावर काम होतं. आपल्याकडे याला सरळ 'सर्टिफिकेट भाड्याने देणं' म्हणतात.

एका मुलाचं प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून गावं आणि तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा पारोळा तालुक्यातला, बी.एस्सी. ॲग्री, एका ठिबक कंपनीत फील्ड ऑफिसर. चोपडा आणि यावल त्याच्याकडे. मामाच्या मुलाने एरंडोलला कृषी सेवा केंद्र काढलं, लायसनवर याचं नाव लावलं आणि वर्षाला पंधरा हजार ठरले. याला वाटलं, आपण तर दुकानात जातही नाही, मग हे काम कसलं?

सात-आठ महिन्यांनी त्याच्याच कंपनीचा विक्री अधिकारी नवे डीलर शोधत त्या दुकानात शिरला. परवाना काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर होता, कारण तो दर्शनी भागात लावावाच लागतो. त्यावर आपल्याच सहकाऱ्याचं नाव बघून त्याने फोटो काढला आणि एरिया मॅनेजरला पाठवला. खाली काउंटरवर दुसऱ्या कंपनीच्या इनलाइन लॅटरलचे, म्हणजे ठिबकच्या नळ्यांचे, बंडल रचलेले होते, तेही फोटोत आले.

मुलगा रात्री माझ्या घरी आला. दारातच म्हणाला, "भाऊ, मनं नाव लायसनवर शे. आते काय करू?" त्याला म्हटलं, आधी सगळे कागद काढ. कागदांत काय सापडलं ते पुढच्या उत्तरांत येईलच.

कागद म्हणजे नेमके कोणते? माझ्याकडे फक्त नेमणूकपत्र आहे.

बहुतेकांकडे तेवढंच असतं, आणि तेही पहिल्या पानापर्यंत, म्हणजे पगाराच्या तक्त्यापर्यंत वाचलेलं. अटी त्यापुढच्या पानांवर असतात. शेवटी बहुधा एक वाक्य असतं की कंपनीचे वेळोवेळी लागू असलेले नियम आणि धोरणं तुम्हाला बंधनकारक राहतील. त्या एका वाक्यामुळे तुम्ही न पाहिलेले कागदही तुमच्या कराराचा भाग होतात.

म्हणून नेमणूकपत्राबरोबर आणखी तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे आचारसंहिता, जिला सगळे 'कोड ऑफ कंडक्ट' म्हणतात. ती कंपनीच्या पोर्टलवर असते आणि रुजू होताना तुम्ही 'मान्य आहे'वर क्लिक केलेलं असतं. दुसरी म्हणजे स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या कामगारांना लागू असलेले लेखी सेवानियम. मोठा कारखाना असेल तर ते प्रमाणित केलेले असतात आणि नोटीस बोर्डाजवळ लावलेले असतात. तिसरी म्हणजे दरवर्षी भरून घेतात ते घोषणापत्र, बहुधा एप्रिलमध्ये.

त्या मुलाचं घोषणापत्रच जास्त अडचणीचं निघालं. 'आपण अथवा आपले नातेवाईक कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित कोणत्याही व्यवसायात आहात का?' या प्रश्नापुढे त्याने 'नाही'ला खूण केली होती. लायसन त्याच्या दोन महिने आधीचं. त्याने फॉर्म वाचलाच नव्हता, पोर्टलने पगाराची स्लिप अडवली म्हणून घाईत भरून टाकला होता. पण कागदावर ते खोटं निवेदन झालं. नाव लावण्यापेक्षा खोटं निवेदन हा वेगळा आणि जास्त जड आरोप असतो.

नेमणूकपत्र इंग्रजीत आहे. त्यात कोणते शब्द शोधायचे?

'होल टाइम' किंवा 'एक्सक्लुझिव्ह' हा शब्द शोधा. तो असेल तर सगळी कामाची शक्ती कंपनीला दिली असा अर्थ निघतो, आणि दुसऱ्या कोणत्याही कामाला परवानगी लागते, मग ते कंपनीच्या धंद्याशी संबंधित असो वा नसो.

त्यानंतर 'डायरेक्टली ऑर इनडायरेक्टली' शोधा. 'इनडायरेक्टली' या एका शब्दात बायकोच्या नावावरचं दुकान, भावाच्या फर्ममधली भागीदारी आणि लायसनवर दिलेलं नाव असं सगळं बसतं.

'ऑनररी' किंवा 'विद ऑर विदाउट रेम्युनरेशन' असे शब्द दिसले तर 'मी पैसे घेत नाही' हा बचाव चालत नाही. मुलाच्या नेमणूकपत्रात नवव्या कलमात ते होते. मामाच्या मुलाने पंधरापैकी पाचच हजार दिले होते, आणि मुलगा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. पण त्या कलमापुढे पाच काय, पंधरा काय, शून्य काय, फरक पडत नव्हता.

आणि 'प्रायर रिटन परमिशन' किंवा 'कन्सेंट' शोधा. म्हणजे आधी आणि लेखी. काम सुरू करून मागितलेली परवानगी 'आधी' होत नाही.

एखादा शब्द कळला नाही तर एचआरला मेल करून अर्थ विचारा. विचारल्याने कुणाचं काही बिघडत नाही, आणि उत्तराचा मेल पुढे तुमच्याच कामाला येतो.

नेमणूकपत्रात जोडधंद्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मग मोकळीक आहे ना?

पूर्ण मोकळीक नाही. कारखान्यातल्या कामगारांसाठी केंद्राच्या नमुना स्थायी आदेशांत जुन्या काळापासून हे कलम आहे की कामगाराने आस्थापनेच्या हिताविरुद्ध काम करू नये आणि मालकाच्या हिताला बाध येईल अशी दुसरी नोकरी धरू नये. नेमणूकपत्र गप्प असलं तरी स्थायी आदेश बोलतात.

त्या कलमात 'हिताला बाध येईल अशी' हे शब्द आहेत, म्हणजे सरसकट सगळ्या कामांना बंदी नाही. डाळ मिलमधला फिटर संध्याकाळी लग्नात बॅन्डमध्ये क्लॅरोनेट वाजवत असेल तर मिलच्या हिताला काय बाध येते? मात्र तोच फिटर रविवारी शेजारच्या मिलची ग्रेडिंग मशीन दुरुस्त करत असेल तर प्रश्न येतो.

कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी एक कडक नियम वेगळा आहे. एका कारखान्यात ज्या दिवशी काम केलं, त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम करता येत नाही, काही ठरवून दिलेले अपवाद सोडले तर. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ६० मध्ये हा नियम होता आणि नव्या कामगार संहितेतही तो ठेवला आहे. पहिली पाळी इथे आणि रात्रपाळी तिथे करणाऱ्या ऑपरेटरांनी हे लक्षात ठेवावं. झोप न झालेल्या माणसाचा हात एक्सट्रूडरच्या रोलरजवळ जातो तेव्हा काय होतं ते मी पाहिलं आहे, म्हणून या नियमाबद्दल मी कधीच सवलतीने बोलत नाही.

हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे काय? दुकान एरंडोलला, माझं काम चोपड्याला. संबंध कुठे येतो?

तो मुलगाही हेच म्हणाला होता. त्याच्याबरोबर बसून मी एकेक गोष्ट तपासली, तशीच इथे मांडतो.

त्याचं रोजचं काम काय? शेतकऱ्याच्या बांधावर जायचं, केळीचं अंतर आणि विहिरीचं पाणी बघायचं, ठिबकचा आराखडा द्यायचा, आणि नंतर कोणतं विद्राव्य खत किती सोडायचं ते सांगायचं. १९:१९:१९ कधी, ०:५२:३४ कधी, हे शेतकरी त्याला विचारतो आणि त्याच्या शब्दावर दुकानात जातो. आता त्याचं नाव ज्या दुकानाच्या भिंतीवर आहे तिथे हीच खतं विकली जातात, आणि दुसऱ्या कंपनीची लॅटरलही. त्याचा सल्ला आणि दुकानाचा गल्ला एकमेकांना जोडले गेले.

तो म्हणाला, "मी एकही गिऱ्हाईक तिकडे पाठवलं नाही." माझा त्याच्यावर विश्वास होता, आजही आहे. पण पाठवलं की नाही याची वाट कंपनी बघत बसत नाही. मोहाची जागा तयार झाली आणि ती आपल्यापासून लपवली, एवढं तिला पुरतं. वेळ आली तर हा माणूस कुणाच्या बाजूला झुकेल असा प्रश्न तिसऱ्या माणसाला रास्तपणे पडत असेल, तर संघर्ष आहे असं धरायचं.

अंतराचं म्हणाल तर फील्डच्या माणसाची बदली कधीही होते. सहा महिन्यांनी त्याला पारोळा-एरंडोल मिळालं असतं तर?

स्वतःला विचारायचं झालं तर मी तीन गोष्टी विचारायला सांगतो. दोन्हीकडचं गिऱ्हाईक एकच आहे का? कंपनीची माहिती, म्हणजे शेतकऱ्यांचे फोन नंबर, डीलरचे दर, अनुदानाच्या फायली, दुसरीकडे उपयोगी पडते का? आणि कंपनीत मी घेत असलेल्या एखाद्या निर्णयाचा फायदा दुसरीकडे पोचतो का? एकाचंही उत्तर 'हो' किंवा 'सांगता येत नाही' आलं तर परवानगी मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लायसनवरच्या नावाने नोकरीपलीकडे काय धोका असतो?

हा धोका कुणी सांगत नाही. कृषी विभागाच्या दृष्टीने तुम्ही त्या दुकानाचे जबाबदार तांत्रिक माणूस आहात. गुणनियंत्रण निरीक्षक येतो, साठा रजिस्टर बघतो, उगम प्रमाणपत्राबाहेरच्या कंपनीचा माल सापडतो, किंवा काढलेला नमुना अप्रमाणित ठरतो. कारवाईच्या कागदावर मालकाबरोबर तुमचंही नाव येऊ शकतं. मुदत संपलेली बाटली काउंटरमागे कुणी ठेवली हे तुम्हाला ठाऊकही नसतं, कारण तुम्ही त्या वेळी यावलला केळीच्या बागेत उभे असता.

आणि तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध जाते. लायसन म्हणतं तुम्ही दुकानात असता, कंपनीचं हजेरी ॲप म्हणतं तुम्ही यावलला होता. दोन्ही कागद खरे असू शकत नाहीत. फार्मसी झालेल्या मुला-मुलींनाही मी हेच सांगतो, मेडिकल दुकानाचं गणित यापेक्षा वेगळं नाही.

नाव लागलेलं आहे. आता काढायचं कसं?

मुलाने पुढे जे केलं ते क्रमाने सांगतो.

दुसऱ्याच दिवशी त्याने परवाना देणाऱ्या कृषी अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहिला: अमुक क्रमांकाच्या परवान्यावर पात्र व्यक्ती म्हणून माझं नाव आहे, अमुक तारखेपासून मी ती जबाबदारी घेऊ शकत नाही, माझं नाव कमी करावं. अर्ज आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. मामाच्या मुलालाही तसंच पत्र दिलं. घरात दोन दिवस बोलणी बसली, मामी बोलली, आई रडली. पण त्याने ते केलं.

त्यानंतर, नोटीस यायच्या आधीच, त्याने एचआरला स्वतः मेल केला. काय केलं, कधीपासून, किती पैसे मिळाले, घोषणापत्रात चूक कशी झाली, आणि आता काय केलं, हे सगळं सांगून पोच जोडली. 'माझ्याकडून कंपनीचं काही नुकसान झालेलं नाही' असलं वाक्य मी त्याला लिहू दिलं नाही. ते ठरवणं कंपनीचं काम, आणि असं वाक्य वाचलं की समोरच्याला आधी संशय येतो.

त्याला कारणे दाखवा नोटीस आलीच. चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीची वेतनवाढ थांबली. नोकरी टिकली. फोटो आधीच वर पोचला होता. मेल गेला नसता तर 'खोटं निवेदन आणि लपवाछपवी' अशा चार्जशीटवर प्रकरण गेलं असतं, आणि तिथून बडतर्फी लांब नसते.

दुकान बंद पडलं नाही. मामाच्या मुलाने आधी पूर्ण वेळ दुकानात बसणारा पदविकाधारक ठेवला, आणि स्वतः 'देसी' डिप्लोमाला नाव घातलं. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा हा अभ्यासक्रम ४८ आठवड्यांचा आहे आणि तो निविष्ठा विक्रेत्यांसाठीच तयार केला आहे. तुमच्याही घरी कुणाला दुकान काढायचं असेल तर कोणत्या लायसनला कोणती पात्रता चालते हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा.

घरची केळी मीच बघतो. हेही साइड वर्क का?

वडिलोपार्जित शेती करणं, पाणी द्यायला पहाटे जाणं, कापणीच्या दिवशी रजा टाकणं, याला मी पाहिलेल्या कुठल्याच कंपनीने आक्षेप घेतला नाही. आपल्या भागात तसा आक्षेप घेतला तर अर्धा कारखाना रिकामा होईल.

अडचण शेतीच्या कडेने येते. कर्मचारी सवलतीत घेतलेली लॅटरल गावात चुलत्याला विकली, डेमो प्लॉटसाठी आलेले व्हेंचुरी आणि फिल्टर स्वतःच्या शेतात बसवले, टिश्यू कल्चरची रोपं कंपनीतून काढून गावकऱ्यांना रोपामागे दोन रुपये जास्त घेऊन दिली. या गोष्टी करणाऱ्याला त्या शेतीचाच भाग वाटतात, आणि ऑडिटमध्ये त्या अफरातफर म्हणून लिहिल्या जातात. स्वतःच्या शेतात कंपनीचा डेमो प्लॉट घ्यायचा असेल तर निवड करणारा माणूस तुम्ही असता कामा नये.

बायकोच्या नावावर धंदा असेल तर सांगावं लागतं का?

घोषणापत्रात नातेवाइकांबद्दल विचारलं असेल तर हो. कंपनीशी संबंध नसलेला धंदा असेल, समजा शिवणकाम किंवा मेस, तर एका ओळीत लिहून मोकळे व्हा. कंपनीला माल देणारा किंवा कंपनीचा माल विकणारा धंदा असेल तर सविस्तर लिहा, आणि त्या खरेदीच्या फायलीवर तुमची सही येणार नाही असं लेखी मागून घ्या.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत काय?

तिथले नियम जास्त घट्ट आहेत, थोडक्यात सांगतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ चा नियम १६ लागू होतो. पूर्वमंजुरीशिवाय व्यापार, धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. मानसेवी सामाजिक काम आणि अधूनमधून केलेलं साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय काम यांना सूट आहे, मुख्य कामात अडथळा येत नसेल तर. बायकोच्या विमा एजन्सीसाठी ऑफिसात ग्राहक गोळा करणं हा नियमभंग धरला जातो. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. आणि शिक्षकांना शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ ने खासगी शिकवणीला मनाईच आहे.

साहेब तोंडी 'चालेल' म्हणाले आहेत. ते पुरत नाही का?

नाही. साहेबाची बदली इंदूरला होते, नवा साहेब येतो, आणि जुना फोनवर म्हणतो, "मला आठवत नाही." त्यात तो खोटं बोलत असेलच असं नाही, त्याला खरंच आठवत नसेल. त्यातून बऱ्याच कंपन्यांत परवानगीचा अधिकार एरिया मॅनेजरला नसतोच, तो एचआर प्रमुखाला असतो. अधिकार कुणाला आहे ते धोरणात लिहिलेलं असतं, तेवढं वाचूनच अर्ज करा. तोवर निदान त्याच दिवशी साहेबाला एक मेल टाका: 'आज आपण अमुक विषयावर बोललो, आपण हरकत नाही म्हणालात, रीतसर अर्ज पाठवत आहे.'

परवानगीचा अर्ज कसा लिहावा?

त्याच मुलाने दीड वर्षाने, चौकशी संपून वेतनवाढ परत सुरू झाल्यावर, पुन्हा एक अर्ज केला. या वेळी काम होतं रविवारी कृषी पदविका विद्यालयात ठिबकवर तास घेण्याचं. अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला, त्याचा गाभा असा होता:

> विषय: कामाच्या वेळेबाहेर अध्यापन करण्यास लेखी परवानगी मिळण्याबाबत
>
> महोदय,
> एका कृषी पदविका विद्यालयाने मला सूक्ष्म सिंचन या विषयावर महिन्यातून दोन रविवारी, सकाळी ९ ते १२, तास घेण्यास बोलावले आहे. निमंत्रणपत्र सोबत जोडले आहे. प्रत्येक तासिकेस मानधन मिळणार आहे.
>
> सदर विद्यालय कंपनीचे ग्राहक, डीलर अथवा पुरवठादार नाही. तासिकेत मी कंपनीचे आराखडे, दर, ग्राहकांची माहिती किंवा कंपनीचे नाव व बोधचिन्ह वापरणार नाही. कंपनीचा लॅपटॉप व वाहन वापरणार नाही. रविवारी कंपनीचे काम आल्यास ते प्रथम करीन.
>
> ही परवानगी एक वर्षासाठी मिळावी. माझी बदली झाल्यास अथवा कामाचे स्वरूप बदलल्यास मी पुन्हा अर्ज करीन.
>
> आपला विश्वासू

दहा दिवसांत परवानगी आली, एका अटीवर: प्रात्यक्षिकासाठी एकाच कंपनीचं साहित्य न दाखवता बाजारातलं मिश्र साहित्य दाखवावं. ही अट मला आवडली, कारण ती विद्यार्थ्यांच्याही भल्याची होती.

उत्तर न आलं तर? मौन म्हणजे होकार नव्हे. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र पाठवा आणि काम सुरू करू नका. नकार आला तर कारण लेखी मागा. कधी कधी काम किंचित बदललं, गाव किंवा गिऱ्हाईक बदललं की नकाराचा होकार होतो.

यूट्यूबवर केळीबद्दल व्हिडिओ टाकतो. त्यालाही परवानगी?

पैसे येत नाहीत आणि कंपनीचं नाव नाही, तोवर बहुतेक ठिकाणी चालतं, पण सोशल मीडियाचं धोरण वाचा. एखाद्या खत कंपनीने प्रायोजकत्व दिलं की तो धंदा झाला, तेव्हा आधी अर्ज करा. कंपनीच्या गणवेशात, कंपनीच्या शेतकऱ्याच्या बागेत उभं राहून दुसऱ्याच्या मालाची तारीफ केलेला व्हिडिओ मी चौकशीत पुरावा म्हणून लावलेला पाहिला आहे.

कंपनीला कळतं तरी कसं? पैसे तर रोख घेतो.

भिंतीवरच्या लायसनचं वर सांगितलंच. दुसरा मार्ग भविष्य निर्वाह निधीचा. यूएएन एकच असतो, आणि एकाच महिन्यात दोन आस्थापनांची वर्गणी पडली की पासबुकात दोन्ही दिसतात. तिसरा म्हणजे पुढची नोकरी बदलताना होणारी पडताळणी. तुमचा २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर कापलेल्या कराचा उतारा, कंपनी उघडून बघू शकत नाही, पण तो तुमच्याकडूनच मागितला जाऊ शकतो.

रोख घेतले तरी ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतंच. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असेल तर पगारदारांचा सोपा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-३ किंवा ४ भरावा लागतो. परवानगीचं पत्र हातात असलं की हे सगळं उघडपणे करता येतं.

'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही' या अटीवर सही केली आहे. जोडधंद्याचीही तीच गत का?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्या एकत्र करतात. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २७ प्रमाणे धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल ठरतो, म्हणून नोकरी सोडल्यानंतरची अशी बंधनं न्यायालयात सहसा टिकत नाहीत. पण करार चालू असतानाचं बंधन टिकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कल्याणच्या एका टायरकॉर्ड कारखान्यातल्या शिफ्ट सुपरवायझरच्या प्रकरणात तेच सांगितलं. त्याचा पाच वर्षांचा करार होता आणि मुदत संपायच्या आत तो कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेला. कराराच्या मुदतीपुरतं बंधन न्यायालयाने वैध ठरवलं. म्हणजे पगार घेत असताना स्पर्धकासाठी काम करायचं नाही, ही अट रद्द होईल अशी आशा धरू नका. गुप्ततेची अट तर नोकरी सुटल्यावरही पाठ सोडत नाही.

कारणे दाखवा नोटीस आली आहे. राजीनामा दिला तर सुटका होईल?

घाईने देऊ नका. 'राजीनामा दे, विषय संपवतो' असं तोंडी सांगितलं जातं, आणि मग अनुभवपत्रात काय लिहिलं जाईल ते तुमच्या हातात उरत नाही. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. मुदत कमी वाटली तर वाढवून मागा, तेही लेखी. ज्या कागदांच्या आधारावर आरोप केला आहे त्यांच्या प्रती मागा, त्या मागण्यात काही उद्धटपणा नाही. चौकशी लागली तर सहकाऱ्याची मदत घेता येते का हे स्थायी आदेशांत बघा. आणि उत्तर द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या. एकीवर तारीख आणि सही घेऊन ती घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको.